काकवी, क्राकुव आणि माझी २२०० कोटींची चूक

गेल्या महिन्यात आमच्या बाईंनी माझा ग्राफ परत केला. इथे पोलंडमध्ये, क्राकुवला, प्रोफेसर बाईंना 'पानी प्रोफेसोर' म्हणतात, पहिले सहा महिने मी हाक मारली की मलाच वाटायचं पाणी मागतेय. तर पानी प्रोफेसोर काही बोलल्या नाहीत, फक्त पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "तापमान? व्हिस्कॉसिटी?" बस्स. व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रव किती दाट ते.

आता या तापमानावरून माझं इथे आल्यापासून डोकं फिरलंय. प्रत्येक बाटलीवर तापमान, प्रत्येक फाइलच्या नावात तापमान, नमुन्याची छोटी नळी, क्युव्हेट, होल्डरमध्ये ठेवली की पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं, मग आकडा लिहायचा, तोसुद्धा दशांशासकट. कोल्हापूरला आम्ही एमएस्सीच्या जर्नलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहायचो आणि विषय संपायचा. ते रूम टेंपरेचर डिसेंबरात २२ असायचं आणि मे महिन्यात ३५, हे सगळ्यांना माहीत होतं पण कुणी बोलायचं नाही. आणि खरं सांगू, आमची प्रॅक्टिकल्स काही वाईट नव्हती, ब्युरेट वाचायला आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण इथे मी जे काम करते तिथे हे पाच-दहा अंश खरंच नडतात.

काम असं आहे. अँथ्रासीनवर यूव्ही प्रकाश टाकला की ते निळसर चमकतं, उत्तेजित रेणू साधारण ५ नॅनोसेकंद टिकतो आणि मग विझतो. त्यात नायट्रोबेंझीन घातलं की ते रेणू गाठून आधीच विझवतं, याला क्वेंचिंग म्हणतात. भेट झाली की विझलाच, अशी ही जोडी आहे. मग वेग कशावर ठरणार? रसायनावर नाही, भेट किती लवकर होते त्यावर. आणि भेट होते द्रावकातून वाट काढत, धक्के खात, कधी इकडे कधी तिकडे. रिअॅक्शन कितीही उतावीळ असू दे, द्रावक जेवढं हलू देईल त्याच्या पुढे तिला जाता येत नाही.

ही मर्यादा किती, ते पोलिश भौतिकशास्त्रज्ञ स्मोलुहोव्स्की यांच्या १९१७ च्या पेपरमधल्या विचारातून निघतं. (आम्ही कॉलेजात 'स्मोलुचोव्स्की' म्हणायचो, इथे पहिल्याच दिवशी दुरुस्त केलं गेलं.) त्यांना तेव्हा कोलॉइडचे, म्हणजे द्रवात तरंगणारे बारीक, कण एकमेकांना चिकटून गाळ कसा होतो ते हवं होतं, पण हिशोब तोच: एक रेणू मधे धरा, बाकीचे त्याच्याकडे दर सेकंदाला किती पोचतात ते मोजा. त्यात डिफ्युजनचा, म्हणजे रेणू असे धक्के खात सरकण्याचा, वेग व्हिस्कॉसिटीवरून घातला की उरतं एवढंच:

k = 8RT/3η

यात रेणूचा आकार कुठेच नाही, हे मला पहिल्यांदा खोटंच वाटलं होतं. पण मोठा रेणू हळू सरकतो आणि तेवढंच मोठं लक्ष्यही असतो, त्यामुळे दोघं सारख्या आकाराचे असले की आकार कटून जातो. उरतं तापमान T आणि η, म्हणजे द्रावक किती दाट; R हा वायूंचा स्थिरांक, ठरलेला आकडा.

२५ अंशांना पाण्यासाठी हा आकडा येतो ७४० कोटी, प्रति मोलर प्रति सेकंद. इथेनॉल जरा दाट, ६२० कोटी. एथिलीन ग्लायकॉल पाण्यापेक्षा अठरा पट दाट, म्हणून ४१ कोटी. ग्लिसरीन म्हणजे तर आपल्या गुऱ्हाळावरची काकवीच, फक्त ७१ लाख. तीच दोन रेणूंची जोडी, तीच ओढ, आणि वेग हजार पटींनी खाली. ढवळून फरक पडत नाही हां, घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर हेच विचारलं. ढवळण्याने ग्लासातला रस फिरतो, पण रेणूंना शेवटचं काही नॅनोमीटरचं अंतर स्वतःच्याच चालीने कापावं लागतं. आणि एकदा गाठ पडली की द्रावक त्यांना पटकन सोडतही नाही. विरार लोकलमध्ये दारात कुणाला चिकटलात की पुढच्या स्टेशनापर्यंत तिथेच, धक्क्यावर धक्के, तसं.

पेन्सिलीच्या गोलातला माझा आकडा होता २२०० कोटी. इथेनॉलमध्ये. मर्यादेच्या साडेतीन पट. मी थोडी खूशच झाले होते, वाटलं काहीतरी नवीन सापडलं.

पानी प्रोफेसोरना दोन सेकंदांत कळलं. मी चमक किती कमी झाली ते मोजत होते आणि तेच चुकीचं होतं. नायट्रोबेंझीन फिकट पिवळं असतं, बाटलीकडे नुसतं बघितलं तरी दिसतं. म्हणजे ज्या प्रकाशाने मी अँथ्रासीन उत्तेजित करत होते त्यातला थोडा तेच खात होतं. चमक कमी झाली, पण सगळी काही भेटीगाठीमुळे नाही, थोडा प्रकाश आत पोचलाच नव्हता. लाज वाटायची गोष्ट म्हणजे पुरावा ग्राफमध्येच होता: बिंदू सरळ रेषेत नव्हते, जास्त नायट्रोबेंझीनकडे वर वळत होते, आणि मी त्यावरून पट्टी धरून रेषा ओढली. एमएस्सीची सवय, दुसरं काय.

मग उपाय म्हणजे चमक नाही, आयुष्य मोजायचं. प्रकाश कमी पोचला तर कमी रेणू उत्तेजित होतील, पण जे होतील त्यांचं आयुष्य त्याने बदलत नाही, ते फक्त गाठ पडल्याने कमी होतं. ०.०५ मोलर नायट्रोबेंझीनला ५ नॅनोसेकंदांचे १.७५ झाले. ५ ला १.७५ ने भागलं, त्यातून १ वजा केला आणि ०.०५ ने भागलं की ग्राफच्या रेषेचा चढ ३७, त्याला ५ नॅनोसेकंदांनी भागलं की ७४० कोटी. माझा चेहरा पडला, हे पण ६२० च्या वर! त्यावर बाई म्हणाल्या की एवढं चालतं, सूत्र रेणूंना गोल गोट्या धरतं आणि द्रावक त्यांना घट्ट चिकटतो असं मानतं, अँथ्रासीन चपटं आहे, थोडं निसटतं. वीस टक्क्यांवर कुणी भांडत नाही, साडेतीन पटीवर भांडायचं. खरंच कुणी ओलांडतं का, तर हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड, पाण्यात १४,००० कोटी, पण तिथे प्रोटॉन पाण्याच्या रेणूंवरून उड्या मारत जातो आणि विरुद्ध भार ओढतात ते वेगळंच.

खात्रीसाठी एथिलीन ग्लायकॉलमध्ये केलं. तेच ०.०५ मोलर, आयुष्य जेमतेम दहा टक्क्यांनी कमी. वेग दाटपणाच्या प्रमाणात पडला, म्हणजे हे भेटीवरच अडलेलं होतं. भेटीनंतरची रिअॅक्शन हळू असती तर द्रावक दाट करून एवढा फरक पडला नसता. ग्लिसरीनचं मात्र फसलं. बाटली उघडी राहिली होती, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, आणि ५ टक्के पाणी गेलं तरी दाटपणा निम्म्याहून खाली येतो. बाटलीवर तापमान लिहिलं होतं, उघडल्याची तारीख नव्हती. हे मी बाईंना सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

१ नोव्हेंबरला इथे सगळे कबरींवर दिवे लावायला जातात. मला वाटलं होतं उदास असेल, पण राकोवित्स्की स्मशानात हजारो दिवे होते, आणि मला आपली दिवाळी आठवून रडू आलं ते वेगळं. बाईंनी मला सोबत नेलं. घरच्यांचे दिवे झाल्यावर त्या एका कबरीपाशी थांबल्या, स्मोलुहोव्स्की. १९१७ सालीच गेले, आमांशाने, पंचेचाळिसाव्या वर्षी, इथल्या विद्यापीठाचे प्रमुख, रेक्टर, म्हणून नुकतीच निवड झाली होती. बाईंनी पिशवीतून एक दिवा मला दिला. वारा होता, तीन काड्या गेल्या. चौथ्या काडीला त्या म्हणाल्या, "आज सहा अंश आहे, लिहून ठेव."

सोमवारी ग्लिसरीनची नवीन बाटली उघडली. वर लिहिलंय: २५.० अंश, आणि खाली उघडल्याची तारीख, मराठीत.