नअम, बला की ला?

*“अरबीत कुणी ‘जेवला नाहीस का?’ असं विचारलं की माझी गाडी अडते. जेवलो असलो तर नअम म्हणू की बला? आणि जेवलो नसलो तर ला म्हणू की नअम?”*

नअम म्हणजे होय, ला म्हणजे नाही, आणि बला म्हणजे नकार खोडणारा होय. जेवला असाल तर बला. जेवला नसाल तर जुन्या नियमाप्रमाणे नअम, पण आजच्या बोलण्यात आणि लिहिण्यातही ला सर्रास चालतं. दोन्ही वेळा त्या एका शब्दावर थांबू नका. ‘बला, अकल्तु’ म्हणजे जेवलो, ‘ला, लम आकुल’ म्हणजे नाही जेवलो. क्रियापद जोडलं की समोरच्याला तर्क करावा लागत नाही.

असं का, ते कळायला प्रश्नाची मोडतोड करून बघा. ‘अलम तअकुल?’ या प्रश्नात तीन तुकडे आहेत. सुरुवातीचा ‘अ’ म्हणजे आपला ‘का’. ‘लम’ हा भूतकाळातला नकार. ‘तअकुल’ हे क्रियापद. आता तो ‘अ’ पुसून टाका. उरतं ‘लम तअकुल’, म्हणजे ‘तू जेवला नाहीस’ हे साधं विधान. अरबी उत्तर या उरलेल्या विधानाला दिलं जातं. नअम त्याच्यावर जसंच्या तसं शिक्कामोर्तब करतं, मग ते विधान होकारी असो वा नकारी. म्हणून इथे नअम म्हणजे ‘खरं आहे, नाही जेवलो’. बलाचं काम एकच, विधानातला नकार उडवून लावणं. आणि ला होकारी विधान खोडतं.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात, आणि चौदाव्या शतकातला व्याकरणकार इब्न हिशाम याने त्या स्वच्छ मांडल्या आहेत. ‘ज़ैद उठला’ असं कुणी म्हटलं, तर मान्य असल्यास नअम, अमान्य असल्यास ला. तिथे बला येऊच शकत नाही, कारण उडवायला नकारच नाही. ‘ज़ैद उठला नाही’ असं म्हटलं, तर मान्य असल्यास नअम, अमान्य असल्यास बला. तिथे ला येत नाही, कारण खोडायला होकार नाही. ज़ैद हा अरबी व्याकरणातला कायमचा भाडेकरू. उठतो, बसतो, मार खातो, सगळी उदाहरणं त्याच्याच जिवावर.

बोलताना एवढा विचार करायला वेळ नसतो, हे खरं. तेव्हा प्रश्नाच्या पहिल्या अक्षरांकडे कान ठेवा. प्रमाण अरबीत ‘हल’ हा प्रश्नशब्द नकारी वाक्याला लागत नाही. त्यामुळे ‘हल अकल्त?’ (जेवलास का?) असा प्रश्न आला की बला विसरून जा, नअम किंवा ला, बस्स. ‘अलम’, ‘अलैस’, ‘अलस्त’ किंवा ‘अमा’ ऐकू आलं, तर नकार आत शिरला आहे हे ओळखा आणि होकारासाठी बला तयार ठेवा. बलाला प्रश्नच लागतो असंही नाही. कुणी नुसतं म्हणालं, ‘तू काल आला नाहीस’, आणि तुम्ही आला होतात, तर ‘बला, जिअ्तु’ हेच उत्तर.

कुराणात ही विभागणी अगदी काटेकोर दिसते. नअम तिथे फक्त चार वेळा येतं, आणि चारही वेळा होकारी प्रश्नाला. बला मात्र पुष्कळदा येतं. सर्वांत प्रसिद्ध जागा सूरा अल-आराफची १७२वी आयत. ‘अलस्तु बिरब्बिकुम?’ म्हणजे ‘मी तुमचा पालनकर्ता नाही का?’ असं ईश्वर आदमच्या संततीला विचारतो, आणि ते म्हणतात, ‘बला, शहिद्ना’, म्हणजे ‘आहेसच, आम्ही साक्ष देतो’. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचं एक वचन याबद्दल सांगितलं जातं. आदमची संतती नअम म्हणाली असती तर काफिर ठरली असती, असं ते वचन. आता वरची मोडतोड इथे करून बघा. प्रश्नाचा ‘अ’ काढला की उरतं ‘मी तुमचा पालनकर्ता नाही’. त्यावर नअम म्हणजे ‘बरोबर, नाहीस’.

उत्तर कसं पूर्ण करावं याचा नमुना हवा असेल तर सूरा अल-मुल्कच्या ८ आणि ९ या आयती पाहा. नरकाचे पहारेकरी विचारतात, ‘अलम यअतिकुम नज़ीर?’, तुमच्याकडे सावध करणारा कुणी आला नव्हता का? उत्तर येतं, ‘बला, क़द जाअना नज़ीर’, आला होता, सावध करणारा आमच्याकडे आलाच होता. बला म्हणून नकार उडवला आणि लगेच होकारी वाक्य पुरं उच्चारलं. व्यवहारात हाच साचा वापरा.

पण नियम इतका स्वच्छ असता तर तुमच्यासारखे प्रश्न आलेच नसते. खरी गुंतागुंत कळते ती हजाराच्या कर्जात. इस्लामी न्यायशास्त्रात हे उदाहरण चर्चिलं जातं. सावकार काझीसमोर समोरच्याला विचारतो, ‘अलैस ली अलैक अल्फ?’, माझे तुझ्याकडे हजार येणं नाही का? समोरचा बला म्हणाला तर वाद नाही, कर्ज कबूल झालं. तो नअम म्हणाला तर? शब्दाला धरून पाहिलं तर तो म्हणतोय ‘खरं आहे, तुझं येणं नाही’, म्हणून काही न्यायशास्त्रींच्या मते त्याच्यावर काहीच बंधन येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, बाजारातला माणूस असा प्रश्न ऐकून नअम म्हणतो तेव्हा त्याला ‘हो, देणं आहे’ असंच म्हणायचं असतं. काझीने लोकव्यवहार पाहावा, आणि हजार वसूल करावेत.

दुसऱ्या पक्षाच्या बाजूने भाषेतही आधार आहे. जह्दर या कवीच्या नावावरच्या ओळी व्याकरणाच्या ग्रंथांत वारंवार येतात. रात्र मला आणि उम्म अम्रला एकाच छायेत आणत नाही का, असं तो विचारतो, आणि स्वतःच उत्तर देतो, ‘नअम’. मला दिसते तशीच चंद्रकोर तिलाही दिसते. नियमाप्रमाणे इथे बला हवं होतं. समर्थन असं, की हा प्रश्न नावालाच नकारी आहे. बोलणाऱ्याला उत्तर माहीत आहे, तो फक्त समोरच्याकडून कबुली काढतोय. अर्थाने वाक्य होकारी, म्हणून होकारी वाक्याला शोभणारं नअम. याचा उलटा अर्थ असा, की नुसतं नअम ऐकून अर्थ ठरवायचा असेल तर प्रश्न खरोखर माहिती विचारणारा होता की कबुली काढणारा, हे आधी ओळखावं लागतं. माझ्या मते इथे पंडितांच्या बाजूने किंवा बाजाराच्या बाजूने उभं राहण्यात अर्थ नाही. स्वतः बोलताना बला वापरावं, दुसऱ्याचं नअम ऐकताना मात्र सावध असावं.

आता ला कुठून घुसलं ते. ‘हल अकल्त?’ याचं नकारी उत्तर ‘ला, लम आकुल’. ‘अलम तअकुल?’ याचं नियमाप्रमाणे उत्तर ‘नअम, लम आकुल’. दोन्हीकडे पोटातली वस्तुस्थिती तीच, शेपटीही तीच. तेव्हा लोक वाक्याला उत्तर न देता वस्तुस्थितीला देऊ लागले आणि दोन्हीकडे ला म्हणू लागले. शेपटी जोडलेली असल्यामुळे कुणाचा गैरसमज होत नाही. परीक्षेत किंवा जुन्या मजकुराचं भाषांतर करताना मात्र हे सैलपण चालणार नाही.

मराठी माणूस अडखळतो याचं कारण आपल्याकडे हे काम दुसरीकडून होतं. ‘जेवला नाहीस?’ याला आपण ‘नाही’ म्हणून नकार मान्य करतो, आणि नकार उडवायचा असेल तर ‘जेवलो की!’ म्हणतो. तो ‘की’ बलाचंच काम करतो, फक्त वाक्याच्या शेवटी बसून. ‘हो’ मात्र दोन्हीकडे जातं, ‘हो, नाही जेवलो’ आणि ‘हो, जेवलोय की’. म्हणून ‘हो’च्या जागी डोळे मिटून नअम ठेवलं की घोळ झालाच. अरबी बोलताना मनात आधी काय उमटतंय ते बघा. ‘की’ उमटत असेल तर बला. (मराठीतली टळणारी ‘बला’ हीसुद्धा अरबीतूनच आलेली, पण तो संकट या अर्थाचा वेगळाच शब्द.)

आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रस्त्यावर तुम्हाला बला याच रूपात क्वचितच ऐकू येईल. सौदीत त्या जागी ‘इल्ला’ म्हणतात. ‘मा ख़ल्लस्त?’ (संपवलं नाहीस?) याला ‘इल्ला, ख़ल्लस्त’. लेबनॉन-सीरियाकडच्या सहकाऱ्याच्या तोंडी ‘म्बला’ येईल. इजिप्तचा माणूस कधी कधी थेट ‘लअ’ म्हणजे ‘ला’ म्हणून पुढे होकारी वाक्य टाकतो, ‘लअ, ख़ल्लस्त’. म्हणजे ‘तुझं चुकतंय, संपवलंय मी’. हे ऐकून काम राहिलंय असं समजू नका. पहिला शब्द सोडा, क्रियापदाआधी ‘मा’ आहे का एवढंच ऐका.

तुम्ही स्वतः प्रश्न विचारत असाल तर नकारी विचारूच नका. ‘औषध घेतलं नाहीस?’ ऐवजी ‘घेतलंस का?’ असं विचारलं की उत्तरातली संदिग्धता मुळातच संपते. आणि नकारी प्रश्नाला समोरून एकटंच नअम आलं, तर ‘यअनी अकल्त?’, म्हणजे ‘जेवलास ना?’ असं होकारी करून पुन्हा विचारा. त्याआधी सूर मात्र ऐका. इजिप्त आणि लेबनॉन-सीरियाकडच्या बोलींत चढत्या सुरात म्हटलेलं ‘नअम?’ हे उत्तर नसतंच. त्याला तुमचं बोलणं ऐकू आलेलं नाही, किंवा आवडलेलं नाही.