मान कुणाची, खांदा कुणाचा

दुपारी जेवून आडवा होतो न होतो तोच वहिनींचा मेसेज आला. सोबत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो. काळी साडी, लाल खणाचा ब्लाऊज, केस मोकळे. "भाऊजी, हनुवटीखाली दोन बोटं एवढेच ठेवले तर कशी दिसेन? तुमच्या त्या कॉम्प्युटरवर करून बघा ना. आणि दादांना इतक्यात बोलू नका."

मी काही वर्षं लग्नाच्या अल्बमची कामं केली, तेव्हापासून घरातला कुठलाही फोटो बिघडला की माझ्याकडे येतो. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाच्या डोक्यातून कुंडी उगवलेली. केस कापून द्यायची मागणी मात्र पहिल्यांदाच. लोकांना वाटतं यात काय, लांब केस खोडायचे की झालं. खोडता येतात, प्रश्नच नाही. पण खोडल्यावर खाली काय? केसांच्या मागे मान असते हे आपल्याला माहीत असतं, फोटोला नसतं. तिथे फक्त केसांचा रंग असतो. तो काढला की भोक उरतं आणि त्या भोकात अख्खी मान नव्याने बसवावी लागते.

मानेच्या बाबतीत मी आधीच थोडा विचित्र आहे. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी नेत्यांचे चेहरे बघतच नाही, माना बघतो. निम्म्या शुभेच्छुकांची मुंडकी दुसऱ्याच धडावर असतात. चेहरा समोर बघतो आणि मान तिरकी, चेहऱ्यावर स्टुडिओचा उजेड आणि गळ्यावर उन्हाची सावली. एका दादांच्या कुर्त्याच्या कॉलरवर तर मधला गळाच नव्हता, हनुवटी थेट बटणावर टेकलेली. बायको म्हणते, सिग्नल सुटलाय, चला.

हे वेड लागलं ते लहानपणी. आमच्या गावी एसटी स्टँडसमोर एक फोटो स्टुडिओ होता. शाळा सुटली की मी तिथे रेंगाळायचो. आतल्या खोलीत एक उतरता टेबल, त्यात दुधी काच, काचेमागे दिवा. त्यावर निगेटिव्ह ठेवून काका भिंग लावून बसायचे. आधी कसलंसं तेलकट औषध बोळ्याने चोळायचे, म्हणजे पेन्सिल त्यावर धरते. मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने बारीक बारीक टिंबं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. पेन्सिल लावली की छापताना ती जागा उजळते, पात्याने हलकं खरवडलं की गडद होते. डोळ्याखालची काळी वर्तुळं, देवीचे व्रण, गालावरची सुरकुती, सगळं त्या पेन्सिलीने जायचं. लग्नाला उभ्या असलेल्या मुलींचे फोटो तर दोन-दोन संध्याकाळी टेबलावर असायचे. काका एकदा मुलीच्या गळ्यावर टिंबं देत होते. मी विचारलं, चेहरा तर झाला की. न बघता म्हणाले, "चेहरा कोणीही उजळतो रे. मान राहिली की मुलीकडच्यांची चोरी पकडली जाते."

तर वहिनींचा फोटो. पहिलं काम म्हणजे तो पुन्हा मागवला, डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि केसांच्या कडेला चौकटी चौकटी दिसायला लागतात. मग नीट मोठा करून पाहिला. डावीकडचे केस पाठीमागे होते. तिकडे फार काम नव्हतं, दोन बोटांच्या रेषेखाली मानेच्या बाजूला भिंत भरली की झालं. उजवीकडचे मात्र पुढे घेतलेले, छातीपर्यंत. त्याखाली अर्धी मान, गळ्याचं हाड, खांद्याचा उतार आणि मंगळसूत्राची एक बाजू गडप.

अशा वेळी नवशिका माणूस दिसणारी बाजू उचलून आरशासारखी उलटी करून पलीकडे चिकटवतो. इथे ते जमणारं नव्हतं. गॅलरीचा उजेड वहिनींच्या उजवीकडून येत होता, म्हणजे झाकलेली बाजू उजेडातली आणि दिसणारी सावलीतली. उलटी केली असती तर गॅलरीकडच्याच गळ्यावर अंधार पडला असता. शिवाय वहिनींनी चेहरा जरा डावीकडे वळवलेला. माणूस डावीकडे बघतो तेव्हा उजव्या कानामागून गळ्याच्या खळग्यापर्यंत एक तिरकी शीर उठून दिसते. शीर आपण म्हणतो, खरा तो स्नायू. डावीकडे तो सपाटच राहतो. म्हणजे जी बाजू माझ्यापाशी होती तिच्यात ती रेघ नव्हती आणि जिथे हवी ती बाजू केसांखाली.

हाताने रंगवता येते, पण रंगवलेली मान ओळखू येतेच. बहुतेकजण मान सरळ खाली आणतात आणि खांदा सरळ आडवा काढतात. तसा काटकोन माणसात कुठेच नसतो. मानेच्या साधारण मध्यापासूनच उतार सुरू होतो आणि आत वळत खांद्यावर जातो. त्या उतारावरच ब्लाऊजचा गळा बसतो, तिथूनच मंगळसूत्र मागे वळतं. उतार चुकला की मंगळसूत्र हवेत.

म्हणून वहिनींना कळवलं, "तोच ब्लाऊज घाला, त्याच खुर्चीत, दुपारी त्याच वेळेला बसा. केस वर बांधून अंबाडा घाला. मान तेवढीच डावीकडे. फोन हातात धरून नको, कुणालातरी तेवढ्याच अंतरावरून काढायला सांगा." खरी मान मिळत असताना खोटी का घडवा. हातात धरून काढला की फोन जवळ येतो, नाक मोठं होतं, खांदे आखडतात आणि मग ती मान या फोटोला बसत नाही.

वाटलं तासाभरात येईल. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आला.

छान होता फोटो. पुतणीने काढलेला, उजेड बऱ्यापैकी जुळणारा. तो संक्रांतीच्या फोटोखाली ठेवला आणि दोन खुणा जुळवल्या, हनुवटीचं टोक आणि गळ्याचा खळगा. मग वरच्या फोटोला मास्क लावून लांब केस झाकत गेलो. पुसायचे नाहीत, झाकायचे, म्हणजे चूक झाली तर परत आणता येतात. खालून खरीखुरी मान वर यायला लागली. ती तिरकी रेघ, मानेवरच्या दोन आडव्या वळ्या. वळ्या मी ठेवल्या. स्टुडिओतल्या काकांनी ठेवल्या नसत्या.

केसांची टोकं जाड ब्रशने कापली की टोप घातल्यासारखी दिसतात. एका-दोन पिक्सेलच्या ब्रशने बट बट सोडावी लागते, थोड्या वरखाली. त्याखाली गळ्यावर केसांची सावली हवी, नाहीतर केस तरंगतात. ती काळ्या रंगाने दिली तर कातडीवर काजळी फासल्यासारखी दिसते, गडद तपकिरी-लालसर रंगाने मल्टिप्लायमध्ये दिली की बसते. आणि एक जागा सगळे विसरतात. गालाजवळची बट आणि मान यांच्या मधल्या फटीत भिंत दिसत नाही, मागचे केस दिसतात. तिथे अंधार भरायचा, टोकांच्या रेषेपर्यंत. त्याखाली मात्र पुन्हा भिंत.

एवढं झालं आणि खांद्याशी अडलं. हनुवटी जुळलेली, खळगा जुळलेला, डावा खांदा अगदी रेषेत. उजवा मात्र नव्या फोटोत बोटभर वर. संक्रांतीच्या फोटोत केसांच्या पलीकडे खांद्याचं टोक दिसत होतं, ते खाली. दोन्हींच्या मध्ये उतार जुळेचना, ब्लाऊजची शिवण तिथे पायरीसारखी तुटायची. फोन कमी-जास्त तिरका धरला गेला असेल म्हणून नवा फोटो फिरवून पाहिला, तर डावा खांदा सुटला. म्हणजे फोन नाही, बसणंच वेगळं. वहिनींना फोन केला. पुतणीने उचलला.

"काका, आईचा तो हात वर जात नाही ना. फ्रोझन शोल्डर म्हणालेत. अंबाडा मीच घातला. ब्लाऊज घालायलाच किती वेळ गेला, त्यात ती रडली थोडी. तुला सांगू नको म्हणाली होती."

मग सगळं उलगडलं. डोक्यामागे हात जात नाही म्हणजे वेणी नाही, केस धुणं नाही, सकाळी शाळेच्या गडबडीत लेकीला हाक मारायची. दुखरा खांदा माणूस नकळत उचलून धरतो, तसाच तो फोटोत आला होता. आणि मी अंतराच्या नि उजेडाच्या सूचना देत बसलो होतो.

शेवटी मान आत्ताची घेतली आणि खांदा संक्रांतीचा. मधला उतार वॉर्पने ओढून खाली आणला, शिवण सांधली, मंगळसूत्राचे मणी दिसणाऱ्या बाजूवरून एकेक आणून वळणावर बसवले. दोन फोटोंतला रवाळपणा वेगळा होता म्हणून वरून थोडा नॉईज टाकला. चित्र आडवं उलटं करून पाहिलं, मग अंगठ्याच्या नखाएवढं लहान करून. त्या आकारात खोटी मान लगेच उघडी पडते. ही टिकली.

रात्री पाठवला. उत्तर आलं, "केस बरे दिसतायत. खांदा किती छान आलाय हो."

त्यावर मी काही लिहिलं नाही. सकाळी फोन करून फक्त केसांचं बोललो. फोटोत दिसते ती लांबी केस ओले असतानाची धरू नका, तुमचे केस कुरळ्याकडचे आहेत, वजन गेलं की वर उचलतात. पार्लरवालीला म्हणावं, आधी इंचभर लांब ठेव, वाळवून बघ, मग हवं तर अजून घे. फिजिओथेरपीला जाता का तेही विचारलं. जातात. भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा व्यायाम देतात म्हणाल्या, डॉक्टरांनी वर्षभर तरी धीर धरायला सांगितलंय.

पार्लरची रविवारची अकराची वेळ घेतली आहे. दादाला अजून पत्ता नाही. लांबच चांगले होते म्हणेल. मग उद्यापासून रोज सकाळी वेणी तू घाल, असं सांगायचं त्याला. ते मी सांगेन म्हटलंय.