कळशीचा दर वेगळा, डब्याचा वेगळा

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका भांडीवाल्या काकांनी ऑनलाइन विक्री सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे ६०० फोटो तयार होते. दुकानातच, पांढरा कागद अंथरून पुतण्याने काढलेले. डबे, पराती, पातेली, तांबे, कळशा, समया. भांडी चांगली दिसत होती, पण प्रत्येक फोटोत काहीतरी नको असलेलं होतं. कुठे किमतीचा स्टिकर, कुठे झाकण उभं राहावं म्हणून मागे लावलेला लाकडी ठोकळा, कुठे पुतण्याची बोटं. ते सगळं संगणकावर फोटोंतून पुसून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

"ताई, फोटोमागे दहा रुपये धरा. काम ठोक आहे, परवडेल तुम्हाला," काका म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं नाही. फोटोमागे एकच दर लावायचा तर फोटो साधारण सारखे हवेत, आणि भांड्यांचे फोटो सारखे नसतात. वस्तू किती मोठी आहे यावर मेहनत ठरत नाही, ती काढल्यावर तिच्या जागी काय दाखवायचंय यावर ठरते. पांढऱ्या कागदावरचा मोठा ठोकळा निघायला क्षणभर लागतो, कारण त्याखाली कागदच असतो. नखाएवढा स्टिकर मठारकाम केलेल्या तांब्याच्या पोटावर असेल, तर ठोक्यांची एकेक खूण, तिच्यावरचा उजेड आणि तिची छोटी सावली पुन्हा बसवावी लागते.

म्हणून मी काकांकडून सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि आधी नुसते चाळले. चाळताना तीन फोल्डर केले. पहिल्यात नको ती वस्तू भांड्याला न चिकटलेली किंवा सपाट, एकरंगी पत्र्यावरची. दुसऱ्यात वस्तू भांड्याच्या कडेला टेकलेली, किंवा तिची सावली भांड्यावर पडलेली. तिसऱ्यात नक्षीवरचे, मठारकामावरचे स्टिकर आणि चकचकीत पोटात दिसणारं प्रतिबिंब. ४२०, १३० आणि ५० अशी वाटणी झाली.

मग प्रत्येक फोल्डरमधले थोडे फोटो घड्याळ लावून पूर्ण केले. यात सोपे तेवढे निवडायचे नाहीत, फोल्डरमध्ये जे पुढे येतील तेच घ्यायचे. वेळ मोजायची ती फाइल उघडल्यापासून १०० टक्के झूमवर तपासून सेव्ह करेपर्यंतची. पहिल्या गटाला सरासरी दीड मिनिट लागलं, दुसऱ्याला ५ आणि तिसऱ्याला १८.

दुसऱ्या गटाला तिपटीहून जास्त वेळ का, तर कडेमुळे. डाग पुसायचा हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग ओढून मिसळतो. मोकळ्या कागदावर ते छान जमतं, पण परातीच्या काठाजवळ तोच ब्रश काठाचा काळपटपणा कागदावर पसरवतो. तिथे आधी काठ नीट सिलेक्ट करून बाहेरचा भाग क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून, भरावा लागतो आणि तुटलेला काठ हाताने जोडावा लागतो. तिसऱ्या गटातली एक कळशी मला आजही डोळ्यासमोर दिसते. तिच्या पोटात पुतण्या, त्याचा मोबाइल आणि वरची ट्यूबलाइट असं सगळं वाकून उमटलं होतं. पुतण्याला काढायचं, पण ट्यूबलाइटची पांढरी रेघ ठेवायची, कारण ती गेली तर पितळ पितळ वाटत नाही, मातीचं भांडं वाटतं. म्हणजे रेघ वाचवून तिच्या दोन्ही बाजूंचा रंग गोलाईप्रमाणे हळूहळू गडद करत न्यायचा.

वेळ कळल्यावर दराचा हिशोब सरळ होता. खुर्चीवरच्या तासाचे मला २५० रुपये हवे होते. त्या तासातली दहा मिनिटं फाइलींना नावं देण्यात, पाठवण्यात आणि दुरुस्त्यांत जातात, म्हणून खऱ्या कामाची ५० मिनिटं धरली. म्हणजे मिनिटाला ५ रुपये. पहिल्या गटाचा दर साडेसात येत होता, तो ८ केला. दुसऱ्याचा २५ आणि तिसऱ्याचा ९०. एकूण ११,११० रुपये. काकांच्या दहा रुपयांनी ६,००० झाले असते.

आकडा ऐकून काका गप्प झाले. मग मी त्यांना मिनिटं दाखवली. ४२० सोप्या फोटोंना ६३० मिनिटं, आणि अवघड ५० फोटोंना ९००. त्यांनी लगेच विचारलं, "मग हे पन्नास परत काढले तर?" मला हेच हवं होतं. ज्या फोटोचं काम ९० रुपयांचं आहे, तो बहुतेक वेळा स्टिकर सोलून परत काढणंच स्वस्त पडतं. चकचकीत भांड्याच्या तिन्ही बाजूंना पांढरे कागद उभे करायचे, मोबाइलपुरतं भोक ठेवायचं आणि काढणाऱ्याने कागदाआड राहायचं, म्हणजे पोटात माणूस उमटत नाही. उरलेलं भोकाचं छोटं प्रतिबिंब पहिल्या गटाच्या दरात निघतं. ३० भांडी दुकानात होती, ती त्यांनी पुन्हा काढली. २० विकली गेली होती, त्यांचे जुनेच फोटो वापरायचे होते. नवा हिशोब ८,६५० वर आला आणि काकांनी तो मान्य केला.

त्या वीसांत काही समयांच्या नक्षीवर स्टिकर होता. खालची नक्षी मनाने काढली तर गिऱ्हाइकाला फोटोत एक आणि घरी दुसरंच मिळेल. म्हणून मी त्याच नमुन्याच्या दुसऱ्या समईचा फोटो मागितला आणि तेवढा भाग त्यातून घेतला. पोचा आलेलं पातेलं गुळगुळीत करून द्यायला मात्र मी नकार दिला. पोचा हा त्या मालाचाच भाग आहे, फोटोत चुकून आलेली वस्तू नाही. काय काढायचं याची यादी मी दराबरोबरच लिहून दिली होती: स्टिकर, ठोकळा, बोटं, दोरा, प्रतिबिंब. यादीबाहेरचं काही आलं तर आधी विचारायचं.

मुदतही त्याच मिनिटांवरून निघाली. दिवसाला सहा तास म्हणजे माझ्याकडे ३०० मिनिटं. त्यात सोपे २०० होतात, मधले ६०, अवघड जेमतेम १६. प्रत्यक्षात अवघड फोटोंना मी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ देत नाही, कारण डोळे शिणले की राहिलेला डाग दिसत नाही. बदललेल्या कामाची १,६८५ मिनिटं, म्हणजे सहा दिवसांत आटोपणारं. मी सात सांगितले, एक दिवस दुरुस्त्यांसाठी. दिवस मोजायचे ते सगळे फोटो हातात आल्यावर आणि प्रत्येक गटातला एक नमुना काकांनी पसंत केल्यावर, फोनवर बोलणं झालं तेव्हापासून नव्हे. शंभर-शंभर फोटो तयार होतील तसे देत जायचे, म्हणजे त्यांना विक्रीवर चढवता येतात आणि काही आवडलं नाही तर ते पहिल्या शंभरातच कळतं.

तातडीच्या कामाला दीडपट दर ठेवला. काकांना दिवाळीआधी ४० पराती दुसऱ्याच दिवशी हव्या होत्या. मी आधी फोल्डर पाहिलं, सगळ्या मधल्या गटातल्या होत्या, म्हणजे २०० मिनिटं. ३०० मध्ये बसत होत्या, म्हणून होकार दिला. चाळीस कळशा असत्या तर दुप्पट पैशांतही नाही म्हटलं असतं.

देण्याआधीची तपासणी दरातच धरलेली आहे. फोटोवर उजेड आणि सावलीतला फरक वाढवणारा कर्व्ह्जचा एक लेयर टाकून तो खूप तिखट करते. साध्या डोळ्यांना शुभ्र वाटणाऱ्या कागदावर स्टॅम्पचे ठिपके आणि अर्धवट पुसलेल्या सावल्या तेव्हा ढगांसारख्या वर येतात. त्या पुसायच्या, लेयर काढून टाकायचा आणि मग सेव्ह. एवढं करूनही काही राहिलं तर एक दुरुस्ती फुकट, माल दिल्यापासून आठवडाभरात. "आता झाकणही काढा" हे मात्र नवं काम, आणि ते ज्या गटात बसेल त्या गटाचा दर.