आमची वाटचाल: आधी फोनवर पोर्ट तपासणी, मग दुकान

दारव्ह्यात दुकान टाकलं तेव्हा काम होतं रेडिओ आणि डब्बा टीव्हीचं. पुढे घरोघरी एलईडी आले, पण खेड्यातून तो मोटरसायकलवर मांडीवर धरून आणायचा म्हणजे पॅनलला धोका. म्हणून आम्ही एक पद्धत धरली: चित्र झिमझिमतं अशी तक्रार आली, की आधी फोनवर तपासून घ्यायचं.

मागच्या हंगामात एका काकाजींचा फोन आला. "भाऊ, वायरीले हात लावला का चित्र जाते, सोडला का येते." सेटटॉप बॉक्स टीव्हीच्या मागे एचडीएमआय केबललाच लटकत होता. त्यांना म्हटलं, काकाजी, आधी बॉक्स खाली फळीवर ठेवा. मग बॉक्सकडचं टोक घट्ट धरून टीव्हीकडचं टोक हळूच हलवा. चित्र गेलं. उलट केलं, बॉक्सकडचं हलवलं, तर काहीच झालं नाही. म्हणजे खोट टीव्हीच्या बाजूला. पण पोर्टची की केबलच्या टोकाची, ते कळायचं होतं. दोन्ही यंत्रांचा विजेचा प्लग काढायला लावून केबलची टोकं अदलाबदल केली. पुन्हा टीव्हीकडेच चित्र गेलं, तेव्हा केबलवरचा संशय संपला. शेवटी तीच केबल दुसऱ्या पोर्टात घालून रिमोटवरून HDMI 2 निवडलं. चित्र स्थिर! पहिला पोर्टच खराब निघाला.

दुसऱ्या पोर्टातही झिमझिम राहिली असती, तर शेजाऱ्याची केबल लावून पाहायला सांगितलं असतं. चांगल्या केबलनेही सगळ्या पोर्टांत तेच झालं, तर मात्र सेट उघडल्याशिवाय निदान होत नाही.

पोर्टात नेमकं काय बिघडलं, तेही बाहेरून बरंच दिसतं. केबलचा प्लग काढून पोर्टात टॉर्च मारा. मधल्या जिभेवर १९ बारीक पट्ट्या असतात; एखादी वाकलेली, काळी पडलेली दिसते. आपल्याकडे खोलीत कापूस भरून ठेवतात, त्याचं तूस आत जाऊन प्लगने दाबलं जातं. ते मऊ कोरड्या ब्रशने काढावं, सुई-पिन कधीच घालू नये. मग केबल लावून अलगद हलवा. पोर्टाची पत्र्याची चौकट केबलबरोबर डोलत असेल, तर मेन बोर्डावरचं सोल्डर तुटलंय. चौकट घट्ट असून प्लग आतच लचकत असेल, तर पकड झिजली आहे.

तुटलेल्या सोल्डरचं काम आम्ही दुकानात करतो, कारण पोर्ट उपसताना जोर लावला तर बोर्डावरचा तांब्याचा थरच निघून येतो. काकाजींचा टीव्ही मात्र घरीच राहिला. दुसरा पोर्ट शाबूत होता. बॉक्स फळीवर ठेवून केबलला थोडा ढील दिला आणि ती भिंतीवरच्या क्लिपात अडकवली, म्हणजे वजन पोर्टावर येत नाही.