तुम्ही विचारलंत म्हणून: नऊ सेव्ह आणि दोन कॅप्शन

"फॉलोअर तीनशेसुद्धा नाहीत. मग दोन कॅप्शनपैकी कुठली चालते, हे कळणार तरी कसं?"

इन्स्टाग्रामवर साबण विकणाऱ्यांच्या या प्रश्नासोबत बहुतेक वेळा दोन स्क्रीनशॉट येतात आणि खाली एक ओळ असते: 'दुसरीला दुप्पट प्रतिसाद आलाय, म्हणजे आता तशाच लिहू ना?' माझं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात, म्हणून या वेळी हिशेबासकट लिहिते. मला खोडा घालायचा नाही. महिनाभर वाळवलेल्या वड्यांवर चुकीचं कॅप्शन लादलं जाऊ नये, एवढंच वाटतं.

एक नमुना घेऊ. लॅव्हेंडरचा कोल्ड प्रोसेस साबण, एका साच्यातून निघालेल्या दहा वड्या. सोमवारच्या पोस्टची पहिली ओळ घटकांची: 'ऑलिव्ह आणि खोबरेल तेलात बनवलेला लॅव्हेंडरचा साबण, आज तयार.' गुरुवारच्या पोस्टची पहिली ओळ क्युरिंगची: 'सहा आठवडे वाळलेली वडी हातात घेतली की आधी जाणवतो तिचा घट्टपणा.' दोन्ही पोस्ट साधारण १२० जणांपर्यंत पोचल्या. पहिलीला ३ सेव्ह, दुसरीला ६. दुप्पट!

आता समजा, कॅप्शनने काहीही फरक पडत नाही. नऊ जण सेव्ह करणारच होते आणि कोण कुठल्या पोस्टवर करेल हे नाणेफेकीवर ठरलं. नाणं नऊदा उडवलं तर ६-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल, कुठल्याही बाजूने, किती वेळा येईल? जवळजवळ निम्म्या वेळा. म्हणजे ज्या 'दुप्पट'वर पुढच्या सगळ्या कॅप्शन बदलायच्या आहेत, ती दुप्पट नुसतं नाणं उडवूनही दर दुसऱ्या खेपेला मिळते. एकूण बारा सेव्ह असते आणि विभागणी ९-३ झाली असती, तरी तसं किंवा त्याहून एकतर्फी काही निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता साधारण १५ टक्के आहे. १०-२ झाली तर ती ४ टक्क्यांच्या आसपास येते आणि तिथे मी कान टवकारते. फक्त टवकारते, कारण नाण्याचा हा हिशेबही इथे जरा उदारच आहे.

उदार का, ते सांगते. नाणेफेक धरताना आपण मानलं की प्रत्येक सेव्ह स्वतंत्र आहे. इन्स्टाग्रामवर तसं नसतं. पोस्ट टाकल्यावर सुरुवातीला ती कोणासमोर गेली आणि त्यांनी काय केलं, यावर ती पुढे किती आणि कोणाला दिसेल हे ठरत जातं. पहिल्या तासात दोन उत्साही मैत्रिणी ऑनलाइन असल्या की पोस्ट वेगळ्या वाटेने जाते. त्यामुळे १२० जणांनी पाहिलेली पोस्ट म्हणजे १२० सुटे अनुभव नव्हेत. तो एकच अनुभव आहे, एका पोस्टचा. दोन पोस्टची तुलना म्हणजे दोनच आकड्यांची तुलना.

शिवाय आपल्या नमुन्यात कॅप्शनखेरीज काय काय बदललं ते पाहा. वार बदलला. फोटो बहुधा बदलला, कारण तोच फोटो आठवड्यात दोनदा टाकायला कोणाचंही मन घेत नाही. आणि साबणाचा स्वतःचा एक त्रास आहे, तो इतर वस्तू विकणाऱ्यांच्या सल्ल्यात सापडत नाही. ज्याने सोमवारच्या पोस्टवरून वडी घेतली, त्याला गुरुवारी दुसरी नको असते. एक वडी एका माणसाला साधारण महिनाभर पुरते. म्हणजे पहिल्या पोस्टने दुसरीचं गिऱ्हाईक आधीच उचललेलं असतं. त्यातून सोमवारी सात वड्या गेल्या असतील, तर गुरुवारच्या कॅप्शनला तीनपेक्षा जास्त वड्या विकताच येणार नाहीत, मग ती कितीही चांगली असो. विक्रीचे आकडे मांडताना साठा कधी संपला हे लिहिलेलं नसेल, तर मी ते आकडे वाचतही नाही.

पूर्वी मी यावर एकच उत्तर देत असे: फॉलोअर हजारांत जाईपर्यंत चाचणीच्या नादी लागू नका. त्यामागचा हिशेब आजही खरा आहे. शंभरात दोघं सेव्ह करतात, ते चार करू लागले हे खात्रीने ओळखायचं, तर प्रत्येक कॅप्शनसाठी साधारण १,१५० माणसं लागतात. खात्री म्हणजे, फरक खरोखर असेल तर पाचांपैकी चार वेळा तो सापडावा आणि नसेल तर विसात एकदाच चकवा बसावा. दोन टक्क्यांचे अडीच झाले का हे पाहायचं असेल, तर लागणारी माणसं कित्येक पटींनी वाढतात. तीनशे फॉलोअरच्या खात्याला हे परवडत नाही, विषय संपला, असं मी म्हणायचे. पण त्या उत्तरात एक गोष्ट गृहीत होती: चाचणी पोस्टवरच करायची. विकणाऱ्याकडे फॉलोअर थोडे असले, तरी आधी वड्या नेलेले आणि 'नवीन बॅच आली की कळवा' म्हणणारे लोक असतात. त्यांची यादी सत्तर-ऐंशीची असली, तरी तिथे असं काही करता येतं जे इन्स्टाग्रामच्या साध्या पोस्टवर करता येत नाही. कोणाला कुठलं कॅप्शन दिसेल, हे आपण चिठ्ठ्या टाकून ठरवू शकतो.

समजा यादीत ८० जण आहेत. ऐंशी चिठ्ठ्यांवर नावं लिहायची, डब्यात घालून हलवायची, चाळीस काढायच्या. 'जुनी गिऱ्हाइकं इकडे, नवी तिकडे' असं मनाने वाटायचं नाही. आडनावांच्या क्रमानेही नाही, कारण एका घरातले सगळे एकाच गटात जातात. खरं तर घराला एकच चिठ्ठी करावी, कारण वडी घरासाठी घेतली जाते. मग व्हॉट्सॲपवर दोन ब्रॉडकास्ट लिस्ट करायच्या. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, तेव्हा जागेची अडचण नाही. अडचण वेगळी आहे: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या आधीच एक साधा निरोप ब्रॉडकास्टनेच पाठवून कोणाकोणाला पोचला ते मेसेज इन्फोमध्ये बघायचं आणि न पोचणारे गाळायचे. निकाल हाती आल्यावर गाळलेत तर गडबड होते, कारण तेव्हा कोणाला गाळायचं हे ठरवताना मन तटस्थ राहत नाही.

फोटो एकच. वेळ एकच, मिनिट-दोन मिनिटांचा फरक चालेल. कॅप्शनमध्ये फक्त पहिली ओळ बदलायची. वजन, किंमत, मागवायचं कसं, हे सगळं अक्षरशः तेच. पहिलीच ओळ का? इन्स्टाग्रामवर कॅप्शनची कमाल मर्यादा २,२०० अक्षरांची असली, तरी फीडमध्ये सुरुवातीचा तुकडाच दिसतो आणि बाकीचं 'आणखी'च्या मागे जातं. इथे मिळालेलं उत्तर पुढे तिकडेही वापरायचं असेल, तर जे सगळ्यांना दिसतं तेच तपासावं.

मोजायचं काय, हे पाठवण्याआधी वहीत लिहायचं. माझी निवड: पाठवल्यापासून ४८ तासांत 'मला एक ठेवा' अशा अर्थाचा निरोप पाठवणारी घरं. हातात वड्या दहाच असल्या, तरी अकरावं घरही मोजायचं. साठा संपल्याचं जाहीर न करता त्याचं नाव पुढच्या बॅचसाठी लिहून घ्यायचं, म्हणजे साठ्याची अडचण सुटते. हृदयाचे इमोजी मोजायचे नाहीत. आणि चार गोष्टी मोजून जिथे फरक दिसला तीच उचलायची, हे तर मुळीच नाही. पाच वेगवेगळी मापं घेतलीत, तर फरक नसतानाही एखाद्यात तरी 'सिद्ध' झाल्यासारखं दिसण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या वर जाते.

आता निकाल. पहिल्या बॅचला घटकांची ओळ २, क्युरिंगची ओळ ४. इथे थांबायचं नाही. पुढची बॅच तयार झाली की चिठ्ठ्या पुन्हा टाकायच्या, नव्याने. दर वेळी नव्याने टाकल्यामुळेच बॅचचे आकडे बेरजेला घेता येतात. नाहीतर पहिल्या वेळी एका गटात उत्साही माणसं जास्त पडली, तर ती दर बॅचला त्याच पारड्यात राहतील. सहा आठवड्यांचा क्युरिंगचा काळ इथे उपयोगी पडतो: तोवर मागची वडी झिजलेली असते. दुसऱ्या बॅचला ३ आणि ५, तिसऱ्याला १ आणि ४. तीन बॅच ही मर्यादा आधीच ठरली होती, म्हणून इथे मोजणी बंद. बेरीज ६ आणि १३.

क्युरिंगची ओळ तिन्ही वेळा पुढे आहे, एकूण दुपटीहून जास्त. आणि तरी नाणं १९ वेळा उडवलं तर १३-६ किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण सहात एकदा येतो. इथे लोक माझ्यावर चिडतात. साडेचार महिने घालवून 'कदाचित'च हाती यायचं होतं का? हो, यावेळी तेवढंच आलं. पण हे 'कदाचित' आणि ३-६ वालं 'दुप्पट' यांत मोठा फरक आहे. इथे फोटो, वार, साठा, मैत्रिणी यांच्यापैकी कोणाचाही हात नाही. उरला आहे फक्त योगायोग आणि तो किती हे मोजून माहीत आहे.

मग लिहायचं कुठलं? क्युरिंगचंच. दोन्ही ओळी लिहायला सारखेच कष्ट पडत असतील, तर पुढे असलेली वापरायला पुरावा पक्का असावा लागत नाही. पुरावा लागतो तो बदल महाग असेल तेव्हा: लेबलं नव्याने छापायची असतील, घटकांची यादी मागे ढकलायची असेल किंवा दुसऱ्या विक्रेत्याला 'असंच लिही' म्हणून सांगायचं असेल. आणि 'त्वचारोग बरा होतो' छापाची ओळ चाचणीला घेऊच नये. ती जिंकेलही, पण साबणाला औषध म्हटलं की बऱ्याच ठिकाणी नियमच बदलतात.

पोस्टवरच चाचणी करायची असा कोणाचा हट्ट असेल, तर जोड्या लावाव्यात. तोच साबण, सारख्याच धाटणीचा फोटो, तोच वार, तीच वेळ, आणि जोडीतलं कुठलं कॅप्शन आधी जाईल ते नाणं उडवून ठरवायचं. जोडीतल्या दोन पोस्टमध्ये किमान महिन्याचं अंतर. पाचही जोड्या एकाच बाजूने गेल्या, तरी तसं योगायोगाने होण्याची शक्यता ६ टक्क्यांवर असते. सहाही गेल्या तर ३ टक्के. म्हणजे पूर्ण वर्ष गेलं, तेही एकाही जोडीने उलटा कौल दिला नाही तर. दोन-तीन साबणांच्या जोड्या एकाच काळात चालवल्या तर वेळ वाचतो, पण मग उत्तर 'लॅव्हेंडरसाठी' राहत नाही, 'माझ्या साबणांसाठी' असं होतं.

यादीवर मिळालेलं उत्तर अनोळखी लोकांनाही लागू पडतं का, यावर माझं स्वतःशीच अजून जमलेलं नाही. ज्यांनी वडी वापरली आहे त्यांना घट्टपणा म्हणजे काय ते ठाऊक असतं, नवख्याला कदाचित घटकच आधी हवे असतील. म्हणून त्या तीन बॅचसमोर वहीत मी एवढंच लिहायला सांगते: 'क्युरिंगची ओळ, जुन्या गिऱ्हाइकांत, १३-६, वापरात आहे, सिद्ध नाही.'