‘मार्जिन १ मिलिमीटर’, पण कुठल्या बाजूची?

मावशीच्या डाव्या स्तनातली गाठ काढली, दहाव्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला. ऑपरेशन, टाके, ड्रेसिंग सगळं सुरळीत झालं होतं. अडलो ते रिपोर्टातल्या एका ओळीपाशी: नमुन्याची दिशा कळत नाही, सर्वांत जवळची मार्जिन १ मिलिमीटर. या एका ओळीनं आमचे आठ दिवस खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड. सर्जन गाठीभोवतीचा थोडा चांगला भागही काढतात. लॅबमध्ये त्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि मग पातळ काप करतात. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाची पेशी शाईला टेकलेली दिसली तर मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे आत काही राहिलं असण्याची शक्यता. टेकलेली नसेल तर निगेटिव्ह. इथे निगेटिव्ह हीच चांगली बातमी. आमच्याकडे निम्म्या घराला तो शब्द ऐकून धस्स झालं होतं.

मग १ मिलिमीटर कमी की पुरेसं? स्तनाच्या पसरू शकणाऱ्या कर्करोगात गाठ काढून पुढे किरणोपचार देणार असतील, तर शाईवर पेशी नाही एवढं पुरतं. अमेरिकेतल्या सर्जन आणि किरणोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली तसं ठरवलं. कर्करोग दुधाच्या नळीच्या आतच असेल तर मात्र २ मिलिमीटर धरतात. तोंडाच्या कर्करोगात साधारण ५ मिलिमीटर बघतात. म्हणून शेजारच्यांच्या रिपोर्टातला आकडा आपल्याला लावू नये.

आता बाजूचा प्रश्न. हा १ मिलिमीटर छातीच्या स्नायूकडचा असेल आणि सर्जननं स्नायूवरचं आवरणही काढलं असेल, तर त्या बाजूला आणखी काढण्यासारखं फारसं उरत नाही. तोच बगलेकडचा असेल तर तिथे स्तनाचा भाग शिल्लक असतो, आणि परत कापायची वेळ आलीच तर नेमकं कुठे ते माहीत हवं. हे कळावं म्हणूनच सर्जन तुकड्याला दोन दोरे बांधतात. आमच्या सर्जननी आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे बगलेच्या बाजूला बांधला होता. पण तुकड्याबरोबर गेलेल्या फॉर्मवर फक्त ‘स्तनाची गाठ’ एवढंच होतं. दोऱ्यांचा अर्थ नाही, डावं की उजवं तेही नाही. दोन्ही दोऱ्यांचा अर्थ कळला तरी डावं-उजवं माहीत नसेल तर पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे ठरत नाही. तिन्ही गोष्टी लागतात.

लॅबच्या खिडकीवर सांगायचे, हॉस्पिटलला विचारा. हॉस्पिटलचा काउंटर म्हणायचा, रिपोर्ट लॅबचा आहे. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून किती फेऱ्या झाल्या त्याची मोजदाद नाही. शेवटी थेट पॅथॉलॉजिस्ट मॅडमना भेटलो. त्या दोन मिनिटांत म्हणाल्या, “सर्जनकडून दोऱ्यांचं आणि बाजूचं लेखी आणा. मी प्रत्येक बाजूला वेगळ्या रंगाची शाई लावलीय, कुठल्या दोऱ्याकडे कुठला रंग तेही लिहून ठेवलंय. आत्ताही सांगता येईल.” सगळीकडे एकच काळी शाई असती तर इतकं सोपं गेलं नसतं. उरलेला तुकडा लॅब कायम ठेवत नाही, ठरावीक आठवड्यांनी टाकून देतात, म्हणून अशी शंका आली की त्याच दिवशी जावं.

चिठ्ठी दिल्यावर दुसऱ्या दिवशी पुरवणी रिपोर्ट आला: १ मिलिमीटर खोलवरच्या, म्हणजे स्नायूकडच्या बाजूला, शाईवर पेशी नाही, बाकी पाची बाजू १ सेंटिमीटरच्या पुढे. सर्जननी स्नायूवरचं आवरण काढलेलं होतंच. दुसरं ऑपरेशन टळलं. त्या दिवशी मावशी पोटभर जेवली.

आता आठवलं म्हणून. रिपोर्टाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘बिनाइन’ शब्द वाचून मामांनी अक्कलकोटला फोन लावला, साधी गाठ निघाली म्हणून. बिनाइन म्हणजे कर्करोग नसलेलं, हे खरं. पण ती ओळ गाठीच्या आजूबाजूच्या भागाबद्दल होती. गाठीचं नाव वर ‘डायग्नोसिस’खाली असतं. शब्द कशाबद्दल आहे ते आधी बघा.

आणि ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. मावशीचा ग्रेड २ होता, नातेवाईक ‘दुसरी स्टेज’ म्हणत रडत होते. पेशी मूळच्या रचनेपासून किती बिघडल्यात, केंद्रकं किती वेडीवाकडी आणि विभाजन किती वेगानं चाललंय, या तिन्हींना १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ ला २, ८-९ ला ३. मावशीची बेरीज ६ होती. स्टेज वेगळी, ती मुख्यतः गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि आजार दुसरीकडे गेलाय का यावरून ठरते.

पुरवणी रिपोर्ट मूळ रिपोर्टाला स्टेपल करून ठेवा. किरणोपचारासाठी बार्शीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आधी तोच उघडला.