तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट व्हायव्हात खरं सांगायचं का?

"ताई, एक्स्टर्नलनं लिमिटेशन्स विचारल्या तर खरं सांगायचं का? मार्क नाही का जात?"

जातात. निदान आमचे गेले असा मला संशय आहे, आणि तो खोटा ठरवायला माझ्याकडे काही नाही. तरी मी दरवेळी 'खरंच सांगा' म्हणते आणि फोनवर पलीकडे शांतता पसरते. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

तुमच्यातल्या निम्म्यांसारखंच आम्हीही द्राक्षाच्या पानावरचा रोग ओळखणारं मॉडेल केलं होतं. नाशिकमध्ये राहून दुसरं काय सुचणार? डेटा प्लांटव्हिलेजचा, कारण तो फुकट मिळतो. त्यातले द्राक्षाचे फोल्डर एकदा नीट वाचा:

```
Grape___Black_rot
Grape___Esca_(Black_Measles)
Grape___Leaf_blight_(Isariopsis_Leaf_Spot)
Grape___healthy
```

यात केवडा नाही आणि भुरीही नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दिंडोरी-निफाडकडचा बागायतदार ज्याच्या धास्तीनं फवारणीमागून फवारणी करतो, तो रोगच यादीत नाही. डेटा गोळा झाला अमेरिकेत, तिथल्या रोगांचा. आम्ही मात्र रिपोर्टच्या पहिल्या पानावर 'नाशिकच्या शेतकऱ्यांसाठी' असं ठळक अक्षरांत छापलं होतं.

हे कळलं कसं, तर आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या घरची दिंडोरीला बाग आहे. छाटणीनंतरच्या दिवसांत त्यानं मोबाइलवर ६० पानांचे फोटो काढले होते: २० निरोगी, २० केवड्याचे, २० भुरीचे. प्लांटव्हिलेजच्याच टेस्ट सेटवर आमची अ‍ॅक्युरसी ९८ टक्के होती. बागेतल्या २० निरोगी पानांतली मात्र ११च मॉडेलनं बरोबर सांगितली, बाकी नऊ पानांना कुठला ना कुठला रोग चिकटवला. केवड्याचं एक पान अजून डोळ्यासमोर आहे. वरून तेलकट पिवळा डाग, उलटं केलं की त्याच जागी पांढरी बुरशी. कुणीही बागायतदार लांबून ओळखेल. मॉडेल म्हणालं एस्का, खात्री ०.९७.

आता ही ०.९७ नीट समजून घ्या, कारण एक्स्टर्नल इथेच अडवतात. मॉडेल शेवटी सॉफ्टमॅक्सनं चार नावांना शक्यता वाटून देतं; त्या चारांची बेरीज नेहमी १ येते आणि 'मला माहीत नाही' असं पाचवं उत्तर त्यात नसतं. चपलेचा फोटो दिला तरी ते चारातलं एक नाव सांगणारच. "थ्रेशोल्ड लावू, ०.९ च्या खालचं नाकारू" हे उत्तर आम्हीही पाठ केलं होतं. पण आमचं चुकीचं उत्तरच ०.९७ नं येत होतं, मग थ्रेशोल्ड अडवणार कुणाला? त्याहून वाईट म्हणजे केवड्याच्या २० पानांपैकी सहा मॉडेलनं निरोगी ठरवली. निरोगी पानाला रोगी म्हटलं तर एक फवारणी वाया जाते. रोगी पानाला निरोगी म्हटलं तर पाऊस चालू असताना दोन-तीन दिवस हातचे जातात. अ‍ॅक्युरसीच्या आकड्यात या दोन्ही चुका सारख्याच मोजल्या जातात.

कॉलेजातल्या मॉक व्हायव्हात सल्ला मिळाला होता: "बागेतल्या ६० फोटोंचं ते पान रिपोर्टमधून काढा, फ्यूचर स्कोपमध्ये 'डेटासेट वाढवू' लिहा." मलाही तेव्हा ते पटलं होतं. शेवटी पान ठेवायचं यावर ग्रुपमध्ये कडाक्याचं भांडण झालं आणि हट्ट माझा होता.

व्हायव्हाच्या दिवशी एक्स्टर्नलनी रिपोर्ट चाळला, कन्फ्यूजन मॅट्रिक्सवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दिंडोरीत चालेल?"

मी म्हणाले, "नाही सर."

शेजारून माझ्या पायावर पाय पडला. मी ६० फोटोंचं पान उघडून दिलं. ते वाचून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "मॉडेल पानच बघतंय हे कशावरून?" हा चांगला प्रश्न आहे, तुम्हालाही येईल. प्लांटव्हिलेजमधली पानं तोडून, एकेक करून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेली आहेत. एका रोगाचे फोटो एका बैठकीत, एकाच उजेडात निघाले असतील तर मॉडेल रोगाऐवजी ती पार्श्वभूमीच शिकू शकतं. आम्ही टेस्ट फोटोंतलं पान करड्या ठिपक्यानं झाकून फोटोच्या फक्त कडा ठेवल्या होत्या. पान दिसत नसताना अचूकता सर्वाधिक फोटो असलेल्या वर्गाइतकी, म्हणजे एस्काच्या ४०६२ पैकी १३८३, सुमारे ३४ टक्क्यांपर्यंत घसरायला हवी होती. ती बरीच वर राहिली. हेही मी सांगितलं.

मग ते म्हणाले, "म्हणजे वर्षभर केलंत काय?"

याला मी उत्तर तयार केलंच नव्हतं. जे सुचलं ते बोलले: २०१६ साली मोहंती आणि सहकाऱ्यांनी याच डेटावर ९९.३५ टक्के मिळवले होते, पण बाहेरून आणलेल्या फोटोंवर त्यांचंही मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. आमची घसरण त्यातलीच आहे. हे खरं आहे, पण ऐकताना सबब वाटतं हे मला बोलतानाच जाणवत होतं. सर "हं" म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. आमच्यानंतरच्या ग्रुपचा विषय जवळपास हाच होता. त्यांना बागेतल्या फोटोंबद्दल कुणी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे ते नव्हतेच. त्यांना आमच्यापेक्षा जास्त मार्क पडले.

त्यामुळे 'प्रामाणिकपणाचे मार्क मिळतात' असं मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगते, की लिमिटेशन सांगायची तर आकड्यासकट सांगा. "रिअल वर्ल्डमध्ये परफॉर्मन्स कमी होऊ शकतो" या वाक्याला काही अर्थ नाही. "२० पैकी ११" म्हणा, आणि टक्केवारी मागितली तर ५५ म्हणून थांबू नका. एवढ्या थोड्या फोटोंवर खरा आकडा साधारण ३४ ते ७४ मध्ये कुठेही असू शकतो, आणि सगळी पानं एकाच बागेतली म्हटल्यावर तोही अंदाज उदारच. "मग या फोटोंवरच ट्रेन का नाही केलं?" असंही येईल. आमचं उत्तर: रोगी पानं फक्त ४०, बाग एक, आणि लेबल मित्राच्या वडिलांच्या नजरेचं. काका केवडा ओळखण्यात चुकणार नाहीत असं मला वाटतं, पण फवारणीच्या चट्ट्यांतून अगदी सुरुवातीचा डाग वेगळा काढायला प्रयोगशाळेची तपासणी लागली असती. ती आम्ही केली नव्हती.

तो मित्र अजूनही म्हणतो, ते पान काढलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडते. पण गेल्या वर्षी एकीनं रडवेल्या आवाजात विचारलं, "ताई, माझी प्लेसमेंट सीजीपीएवर अडकलीये, तरी सांगू?" तेव्हा मी लगेच हो म्हणू शकले नाही. तिला मी विचारलं, तुझ्या डेटात केवडा आहे का? ती म्हणाली, बघते.